आखणीची गाणी

पेणमध्ये कारखाना म्हटलं की तो गणपतीचा, हे मी बाहेरच्या माणसांना आधीच सांगून टाकतो. नाहीतर त्यांना वाटतं मी उद्योगपती आहे, आणि मग माझी चप्पल पाहून त्यांची फार निराशा होते. आमचा कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, मधोमध मांडण्या, एका कोपऱ्यात रंगाचा कॉम्प्रेसर आणि दुसऱ्या कोपऱ्यात मी. वडिलांनी आणि काकांनी मिळून तो काढला. मी आणि माझा चुलतभाऊ दोघांनी मिळून तो चालवला, आणि गेल्या वर्षी विसर्जनानंतर दोघांनी मिळून फोडला. या शेवटच्या कामात आमचं जेवढं एकमत झालं तेवढं आधी कधी झालं नव्हतं.

वाटणी रीतसर झाली. साचे अर्धे, मांडण्या अर्ध्या. कॉम्प्रेसर एकच होता, तो माझ्याकडे राहिला, म्हणून शिडी, ताडपत्र्या आणि टेम्पो त्याच्याकडे गेला. त्याच्या सासरची माणसं रोह्याची, तिथं त्याला शेड मिळाली. टेम्पो भरून निघताना तो मला म्हणाला, "दादा, आता तुला आरामच आराम. तसा आधीपण तू तेच करत होतास." मी हसलो. मला असं वेळेवर उत्तर कधीच सुचत नाही. मला ते जेवताना सुचतं, आणि मग बायकोला ऐकून घ्यावं लागतं.

सगळं वाटून झालं, पण एक माणूस वाटता आलं नाही. चुलतभावाची सख्खी मोठी बहीण. मी तिला ताई म्हणतो, तोही ताईच म्हणतो, पण आता दोघांच्या म्हणण्यात फरक पडला आहे. ताई पेणलाच दिलेली, तिचं घर आमच्या शेडपासून हाकेच्या अंतरावर. ती आखणी करते. म्हणजे मूर्ती घासून, रंगवून, कॉम्प्रेसरने रंगाच्या छटा मारून झाली की शेवटी भुवया, पापण्या आणि बुबुळं काढायची. मूर्तीचं बाकी काम दहा हातांनी होतं, डोळे एकाच हाताने. आमच्या मालाला जे काही नाव आहे ते ताईच्या हातामुळे आहे. माझ्यामुळे फक्त चहा वेळेवर येतो.

भावाने गृहीत धरलं होतं की ताई त्याच्याबरोबर येणार. आठवड्यातून चार दिवस रोह्याला, गाडीने ये-जा. त्याने तिला विचारलं मात्र नव्हतं, नुसतं ठरवलं होतं. ताई म्हणाली, "माझं घर हितं, नवरा हितं, गुडघं हितं. मी नाय येणार." तेव्हापासून तो तिच्याशी बोलेना. माझ्याशी बोलायचा, पण ते न बोलण्यापेक्षा वाईट होतं.

आता गाण्यांचं सांगतो.

शेडमध्ये पूर्वी रेडिओ होता. मग फोनवर गाण्यांचं अ‍ॅप आलं, महिन्याला वर्गणी भरायची आणि वाटेल ते ऐकायचं. खातं भावाने काढलं, त्याच्या ईमेलवर, त्याच्या कार्डावर. पासवर्ड आम्हा दोघांना माहीत होता आणि एक जुना फोन शेडमध्ये स्पीकरला लावून ठेवलेला असायचा. प्लेलिस्ट बऱ्याच होत्या: घासकामाची, रंगाची, माल भरायच्या दिवसाची. त्या बहुतेक मी केलेल्या. त्यांच्याबद्दल कुणी कधी चांगलं बोललं नाही. पण एक यादी ताईची होती. ती तिने अनेक हंगामांत बसवलेली. बोटांना रंग असला की ती कोपराने फोन जवळ ओढायची आणि करंगळीने एखादं गाणं वर किंवा खाली सरकवायची.

मला बरीच वर्षं वाटायचं, ताईला ही गाणी आवडतात. तसं नव्हतं. गाण्यावर तिचं काम चालायचं. आधी एक संथ, लांब बासरी. तेवढ्यात एका मूर्तीच्या दोन्ही वरच्या पापण्या. मग दुसरी लांब धून, त्यात बुबुळं. बुबुळ काढताना ती श्वास धरते, आणि धुनेत जिथं वाद्य थांबतं तिथं सोडते. मग मध्येच एक छोटं, धिंगाण्याचं, ढोल-ताशाचं गाणं. ते वाजलं की ताई उठणार, ब्रश धुणार, कंबर सरळ करणार, पाणी पिणार. ते संपायच्या आत परत पाटावर. मग पुन्हा लांब. अशी ती यादी. ऐकणाऱ्याला वाटावं की गाणी कुणीतरी डोळे मिटून निवडली आहेत. पण त्यावर ताईचा हात चालायचा, आणि त्या हातावर आमचं दुकान.

उन्हाळा लागला. बोटीने परदेशी जाणारा माल आमच्याकडे सगळ्यात आधी निघतो. पेटाऱ्यांत भुसा भरून मूर्ती बंदरावर पोचवायच्या असतात आणि तिथली तारीख कुणासाठी थांबत नाही. मूर्ती रंगून तयार होत्या, आखणी बाकी होती. अशा वेळी भावाचा फोन आला.

"दादा, ते गाण्यांचं खातं मी बंद करतोय."

"का रे?"

"माझ्या नव्या रिचार्जवर दुसरं फुकट मिळतंय. मग हे कशाला भरू? तुमच्या करमणुकीला?"

"मग कार्ड काढ तुझं. मी भरतो."

"खातं माझ्या मेलवर हाय. माझा मेल, माझं खातं. मला ते ठेवायचंच नाय."

"अरे, ताईची यादी आहे त्यात."

 मला वाटलं, आता विरघळेल. तो म्हणाला, "मग ताईने रोह्याला यावं. इथं स्पीकर चांगला हाय." आणि रविवारी सकाळी बंद करणार, असं सांगून फोन ठेवला.

मी ताईला सांगितलं. ती एका मूर्तीची भुवई काढत होती. आधी ती भुवई पूर्ण केली. मग म्हणाली, "त्याला काय करायचं ते करू दे. माझी यादी तेवढी काढून ठेव. हलवू नको, पाडू नको. जशी हाय तशी."

"जशी आहे तशी" हे तिने मला दोनदा सांगितलं. ताई कुठलीच गोष्ट दोनदा सांगत नाही. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

मला संगणक येतो, असं मला वाटतं. बिलं मी त्यावरच करतो. यादी काढून ठेवायची म्हणजे काय, हे मी शोधलं. गाण्यांच्या कंपनीकडे आपला सगळा डेटा मागता येतो, पण तो पाठवायला त्या बरेच दिवस घेतात, आणि आमच्याकडे रविवारपर्यंतच वेळ होता. मग एक दुसरी वेबसाईट सापडली. तिथं आपल्या खात्याने लॉगिन करायचं, याद्या वाचायची परवानगी द्यायची, की सगळ्या प्लेलिस्ट समोर येतात. ज्यावर बटण दाबाल ती फाईल होऊन खाली उतरते. गाणी उतरत नाहीत, फक्त त्यांची माहिती: गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं, अल्बमचं, गाणं किती लांब, यादीत कधी घातलं. एका ओळीत एक गाणं. मग नवीन खात्यात नेताना ही फाईल चढवायची, की ती वेबसाईट तिकडे एकेक गाणं शोधून त्याच क्रमाने यादी उभी करते.

त्याच क्रमाने. हे मी वाचलं होतं, आणि समजलोही होतो.

फाईल उतरवली आणि नीट आहे ना म्हणून उघडली. पडद्यावर सगळी चित्रविचित्र अक्षरं. मराठी नावांच्या जागी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आणि चौकोन.  मी बायकोला हाक मारली. ती आली, पाहिलं आणि म्हणाली, "ही कुठली गाणी हो? तुमची असतील." आणि गेली. थोड्या वेळाने लक्षात आलं की उघडताना संगणक एक प्रश्न विचारतो, अक्षरं कुठल्या पद्धतीची आहेत म्हणून, आणि मी घाईत तसंच ओके दाबलं होतं. फाईल न साठवता बंद केली, परत उघडली, त्या प्रश्नाला युनिकोड असं उत्तर दिलं, आणि मराठी अक्षरं शहाण्यासारखी उभी राहिली.

इथं थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण संकटातून सुटल्यावर माणसाला कर्तृत्व सुचतं. मी समोरच्या तक्त्याकडे पाहिलं. लांब गाणं, लांब गाणं, आखूड, मग लांब, मग आणखी एक आखूड. मला ते पाहवेना. तीस वर्षं मी मांडण्या लावतोय. आमच्या धंद्यात माल उंचीने लावतात: सर्वात खाली छोट्या मूर्ती, मग त्याहून मोठ्या, मग दोन फुटी, वर मोठ्या. उंचीने न लावलेली मांडणी मला दिसली की हात शिवशिवतात. लग्नात फोटोसाठी मी नातेवाईकांनाही उंचीने लावतो. त्या तक्त्यात गाण्याच्या लांबीचा रकाना होता. मी सगळा तक्ता निवडला आणि लांबीनं लावला, आखूड आधी, लांब शेवटी. काय सुंदर दिसला. साठवला. संगणकाने विचारलं, याच प्रकारात ठेवू का? मी म्हणालो, ठेव. मग बाकीच्या सगळ्या याद्याही तशाच लावल्या आणि समाधानाने जेवलो.

रविवारी भावाने खातं बंद केलं. शेडमधला फोन आपोआप लॉगआउट झाला. मी ऐटीत नवीन खातं काढलं, फाईल चढवली, आणि वेबसाईटने फार थोडी गाणी वगळता सगळी शोधून दिली. सोमवारी ताई पाटावर बसली, मी बटण दाबलं.

ढोल-ताशा वाजला. ताईने माझ्याकडे पाहिलं, मला वाटलं कौतुकाने. तो संपला, दुसरा ढोल-ताशा लागला. मग तिसरं, एक नाचाचं. ताई म्हणाली, "काय लावलंयस?"

"तुझीच यादी."

"माझी?"

मग मी बंदरावर जायला निघालो. कागदांचं काम होतं. जाताना एवढंच म्हणालो, "सगळी गाणी आहेत, ताई. मोजून घे." परत आलो तेव्हा मांडणीच्या खालच्या ओळीत सात मूर्ती डोळे काढून ठेवल्या होत्या. मी जवळ गेलो आणि दोन पावलं मागे आलो. सातही गणपती माझ्याकडे रागाने पाहत होते. पापण्या बाहेरच्या टोकाला वर चढलेल्या, बुबुळं जरा आत, एकमेकांकडे झुकलेली. सातांचं एकमत होतं की चूक माझी आहे. त्यातल्या एकाची तर सोंडही मला वळलेली वाटली, पण ती साच्यातच तशी होती.

"हे काय ताई?"

"मला विचारतोस?" तिने ब्रश पाण्यात टाकला. "सकाळपासून उठ बस, उठ बस चाललंय. हात बसायच्या आत ढोल. म्हटलं संपतील, मग बासरी येईल. दुपारी आली. तवर गुडघं गेलं. आणि मग सगळ्या बासऱ्या एकामागून एक, ब्रश धुवायला सवड नाय. काय केलंस तू यादीचं?"

मी सांगितलं. लांबीनं लावली म्हणून सांगितलं, आणि कशी छान दिसते तेही सांगितलं. हे दुसरं सांगायला नको होतं.

"म्हंजे मांडणीसारखी," ताई म्हणाली.

"व्हय."

"माझ्या बापाने तुला मांडणी लावायला शिकवलं, तीच त्याची चूक झाली."

उलटं करायचा मी प्रयत्न केला. संगणकावर मागे जायची सोय असते, पण फाईल बंद करून टाकल्यावर ती राहत नाही. मूळ फाईल वेगळी ठेवलेली नव्हती, त्याच फाईलवर साठवलं होतं. मग 'यादीत कधी घातलं' तो रकाना आठवला, त्याप्रमाणे लावली तर जुना क्रम मिळेल असं वाटलं. त्या रकान्यात सगळ्या ओळींना एकच तारीख. मागे कधीतरी मीच ताईची यादी जुन्या यादीवरून नव्या नावाने कॉपी करून दिली होती, सगळी गाणी एका झटक्यात आलेली. त्यानंतर तिने जे वरखाली केलं ते तारखेत कुठेच दिसत नाही.

"तुला आठवत नाही का क्रम?" मी विचारलं.

"मला कशाला आठवंल? मी डोळं काढत व्हते, गाणी पाठ करत नव्हते." ती त्या सातही मूर्तींच्या डोळ्यांवरून पांढरा रंग फिरवू लागली. "एवढा माल वेळेत नाय गेला तर माझं नाव जाईल. तुझं काय, तुला नाव नाय."

खातं बंद केलं तरी एक आठवडा ते परत उघडता येतं. बंद करताना मालकाच्या मेलवर तशी लिंक येते. हे मी वाचून काढलं आणि भावाला फोन केला. सगळं सांगितलं, लांबीचंसुद्धा. पलीकडे तो इतका हसला की त्याला खोकला आला.

"आकारानं लावलीस? गाणी?"

"ती लिंक दाब फक्त. मी अर्ध्या तासात यादी काढतो."

"मी नाय दाबणार. जिला पाहिजे तिने मला सांगावं. दादा, तू मध्ये पडू नकोस, तू मध्ये पडलास की काय होतं ते आत्ताच सांगितलंस."

मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "मी मागणार नाय." दुसऱ्या दिवशी तिने गाण्यांविना आखणी करून पाहिली. मूर्ती रागावल्या नाहीत, पण झोपाळल्या. तिने त्याही पुसल्या. मग हात धुतले, पदर खोचला आणि मला म्हणाली, "चल."

"कुठे?"

"तुझ्या भावाकडं."

तो माझा भाऊ कधी झाला आणि तिचा कधी राहिला नाही, हे मी विचारलं नाही. संगणकाची पिशवी घेतली आणि तिच्या मागून स्टेशनवर गेलो. गाडीत ताई खिडकीशी बसली. कासू गेलं, नागोठणं गेलं. मीच मधे म्हणालो, "समजुतीने बोल हां." ती म्हणाली, "तू बोलूच नको." पुढे रोह्यापर्यंत मी ते पाळलं. माझ्या दृष्टीने तो विक्रम होता.

भावाची शेड आमच्यापेक्षा चांगली. हे लिहिताना मला त्रास होतोय पण आहे ते आहे. आत रेडिओ चालू होता, कुठल्यातरी पंपाची जाहिरात. भाऊ कॉटवर बसला होता. उठला नाही. त्याची बायको, आमची धाकटी, आतून आली, ताईच्या पाया पडली, आणि नवऱ्याकडे बघून लगेच चहा करायला गेली.

ताई मांडणीजवळ उभी राहिली. त्याच्याही काही मूर्तींचे डोळे काढून झाले होते. कुणी पोरगा ठेवला होता, तो आखणी अर्धी टाकून डोलवीला कंपनीत शिफ्टवर लागला होता. ताईने एक मूर्ती उचलली, उजेडात धरली, परत ठेवली.

"कुणाला बघतोय हा?" तिने विचारलं.

"बघायला आलीस की मागायला?" भाऊ म्हणाला.

"माझी यादी तुझ्याकडं हाय. ती घ्यायला आले."

"तुझी? खातं माझं. पैसं माझं गेलं त्यात."

"पैसं दिलं म्हंजे गाणी कुठं कशी लावायची ते येतं का? ह्याने लावली, बघ जा त्या मूर्तींची तोंडं."

ह्याने म्हणजे मी. मी पिशवीची चेन उघडबंद करत होतो.

"तुला मी बोलावलं होतं," भाऊ म्हणाला. "सख्खा भाऊ मी. तू चुलतभावाकडं राहिलीस."

"तू बोलावलं नायस. तू सांगितलंस. टेम्पोत शिडी टाकली, ताडपत्री टाकली, तशी मला टाकणार व्हतास."

 भावाने फोन काढला, मेल उघडली, ती लिंक शोधली. ताईकडे पाहत दाबली. मग नवीन पासवर्ड टाकला आणि तो मला मोठ्याने सांगितला. त्यात माझ्याबद्दलचा एक शब्द होता, तो इथं लिहीत नाही. "घे दादा. आकारानं लाव."

मी तिथंच मांडणीच्या कडेला संगणक ठेवला. वेबसाईट उघडली, लॉगिन केलं, परवानगी दिली. ताईची यादी वरच होती, जशीच्या तशी: बासरी, धून, ढोल. बटण दाबलं. फाईल उतरली. मी ती उघडली नाही. पेनड्राईव्हवर एक ठेवली, स्वतःला मेल केली, बायकोच्या फोनवर पाठवली. पहिल्यांदाच आयुष्यात मी एखादी गोष्ट उंची न बघता ठेवली.

"झालं?" भावाने विचारलं.

"झालं."

त्याने आमच्यादेखत खातं परत बंद केलं. कायमचं का, असं त्या कंपनीने त्याला दोनतीन वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं असावं, कारण तो प्रत्येक वेळी जरा जोरात अंगठा दाबत होता. चहा आला. कुणी घेतला नाही. माझा मात्र मी घेतला, कारण धाकटीला वाईट वाटलं असतं.

मग भाऊ, फोन खिशात ठेवत, भिंतीकडे बघत म्हणाला, "दादा, ती फाईल मलापण पाठव."

मला वाटलं, चला, निदान इथवर आलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात ताई म्हणाली, "नाय."

"माझ्या खात्यातली हाय."

"आता तुझं खातं नाय. तूच बंद केलंस, आमी बघितलं."

"ताई, उद्या मी दुसरा आखणीवाला ठेवला तर..."

"तर तो त्याची यादी करंल. मला करायला किती हंगाम लागलं, त्यालापण लागू दे." तिने चपला घातल्या. "आणि मी नसले तर ती गाणी घेऊन काय करशील, नाचशील?"

धाकटी हसली आणि लगेच आत गेली. भाऊ उठला. मला वाटलं काहीतरी फेकेल. त्याने रेडिओचा आवाज वाढवला.

स्टेशनवर ताईने विचारलं, "फाईल उघडलीस तर नाय ना?"

"नाय."

"उघडूपण नको. आणि त्याला दिलीस तर मी तुझ्या शेडमध्ये पाय ठेवणार नाय. बायकोकडून पाठवलीस तरी मला कळंल."

बायकोकडून पाठवायचंच माझ्या मनात होतं. तिच्या फोनवर फाईल होतीच. ते मी तिथंच सोडून दिलं.

घरी येऊन न उघडता फाईल चढवली. नव्या खात्यात यादी उभी राहिली. वेबसाईटने एका ठिकाणी चुकीची बासरी शोधून आणली होती, नाव तेच, वाजवणारा दुसरा. ताईला ती पहिल्या सुराला कळली. तिने मान न वळवता हात वर केला, मी ते गाणं काढून योग्य ते शोधून त्याच जागी घातलं. यावेळी जागा तीनदा पाहिली. मग तिने पहिली मूर्ती ओढली.

बासरीवर पापण्या झाल्या. दुसरी धून लागली, बुबुळ अर्धं झालं, आणि स्पीकरमधून रिंग वाजू लागली. गाणी शेडमधल्या त्याच जुन्या फोनवर होती, आणि त्या फोनचा नंबर भावाला माहीत होता. गाणं थांबलं. पडद्यावर त्याचं नाव. ताईने ब्रश मूर्तीपासून केसभर वर उचलून धरला, तसाच, हवेत. श्वास धरलेला.

मी फोनकडे हात नेला.

"उचलू नको," ती म्हणाली, ओठ न हलवता.

रिंग वाजत राहिली, चांगली लांब. मग बंद पडली, आणि गाणं जिथं थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं. ताईने ब्रश खाली टेकवला आणि बुबुळ पुरं केलं.